व्हॅलोरंटच्या व्हॉइस चॅटमधली शिवीगाळ: म्यूट कधी करायचं, रिपोर्ट कसा लिहायचा, डोकं शांत कसं ठेवायचं

मुंबई सर्व्हरवर रँक्ड खेळणाऱ्यांकडून, त्यातही एकट्याने क्यू करणाऱ्यांकडून, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं मुख्यतः पीसीवरच्या व्हॅलोरंटची आहेत. बीजीएमआय, डिस्कॉर्ड आणि कन्सोल जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे.

टीममेट शिव्या द्यायला लागला. सगळ्यात आधी काय करू?

काहीच बोलू नका. टीमशी बोलायची V की दाबण्याआधीच थांबा. शिव्या देणाऱ्याला बहुतेक वेळा समोरून आवाज हवा असतो. तुम्ही एक वाक्य बोललात की त्याला पुढची दोन मिनिटं बोलायला विषय मिळतो, आणि तेवढ्या वेळात उरलेल्या तिघांना पावलांचे आवाज ऐकू येत नाहीत. राउंड चालू असेल तर तो संपू द्या. तुम्ही मेलेले असाल तर हात माउसवरून काढा, श्वास सोडा आणि लगेच म्यूट करा. जिवंत असाल तर म्यूट पुढच्या राउंडआधीच्या खरेदीच्या वेळेत करायचं.

म्यूट करायला खरेदीच्या वेळेचीच वाट का पाहायची?

व्हॅलोरंटमध्ये मेनू उघडला तरी खेळ थांबत नाही. राउंडच्या मध्यात Esc दाबून यादीत नाव शोधायला गेलात तर त्या चार-पाच सेकंदांत कुणीतरी तुम्हाला मारून जातो, आणि शिव्या देणाऱ्याला नवं कारण मिळतं. नेहमीच्या राउंडआधी खरेदीला 30 सेकंद मिळतात. पहिल्या दहा सेकंदांत बंदूक आणि अ‍ॅबिलिटी घ्या, उरलेल्या वेळात म्यूट करा. तुम्ही आधीच मेलेले असाल तर अर्थातच थांबायची गरज नाही, तेव्हाच करून टाका.

नेमकं कुठे दाबायचं?

Esc दाबा. वरच्या टॅबमध्ये मॅचचं पान उघडा. तिथे दोन्ही टीममधल्या खेळाडूंची यादी दिसते आणि प्रत्येक नावासमोर व्हॉइस बंद करायची, टेक्स्ट बंद करायची आणि रिपोर्ट करायची वेगवेगळी बटणं असतात.

इथे बरेच जण अडकतात, कारण व्हॉइस आणि टेक्स्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त आवाज बंद केला तर तोच माणूस दहा सेकंदांनी चॅटमध्ये लिहायला लागतो. वाचलेली शिवी ऐकलेल्या शिवीइतकीच लागते, शिवाय ती स्क्रीनच्या कोपऱ्यात राहते. म्हणून दोन्ही एकदमच बंद करा.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही त्याला म्यूट केलंत म्हणजे तुम्हाला तो ऐकू येत नाही, पण त्याला तुम्ही ऐकू येताच. म्यूट केल्यावर दुसऱ्या टीममेटला त्याच्याबद्दल काही बोललात तर ते त्याच्या कानावर जातं. म्यूट केल्यानंतर व्हॉइसवर फक्त खेळाचं बोला.

म्यूट करण्याआधी एकदा समज द्यायला नको का?

नको. "गप्प बस नाहीतर म्यूट करीन" हे ऐकून गप्प बसणारे फार थोडे. बाकीच्यांना त्यातून एवढंच कळतं की आपलं बोलणं लागतंय. म्यूट केल्यावर "तुला म्यूट केलंय" हेही सांगू नका, नाहीतर तो बाकीच्यांना मध्यस्थ करून तुमच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतो. आवाज बंद करणं ही तुमच्या हेडफोनची बाब आहे, त्याची घोषणा करायची गरज नाही.

तो शिव्या देतो, पण कॉलही चांगले देतो. त्याला म्यूट केलं तर मॅच हरणार नाही का?

म्यूटबद्दल सगळ्यात खरा पेच हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मागच्या दोन राउंडमध्ये त्याने काय काय सांगितलं ते आठवा. "दोन बी लाँगवर, एकाला 80 मारलेत" हा कॉल झाला. "तिथे कशाला गेला, मूर्ख" हा कॉल नाही, कारण तो घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे आणि पुढच्या पाच सेकंदांत तुम्ही त्याचं काही करू शकत नाही. मोठ्या आवाजात, सतत बोलणाऱ्याचं बोलणं माहितीचं आहे असं वाटत राहतं, पण मोजायला बसलात तर कामाची वाक्यं थोडीच निघतात. दोन राउंडमध्ये एकही कामाचा कॉल नसेल तर प्रश्नच मिटला.

कॉल खरोखर येत असतील आणि मध्ये मध्ये चिडचिड असेल, तर मधला मार्ग म्हणजे आवाज कमी करणं. Settings मध्ये Audio, त्यात Voice Chat, आणि तिथे येणाऱ्या आवाजाची पातळी निम्म्यावर आणा. याने सगळ्यांचाच आवाज उतरतो, पण शब्द कळत राहतात आणि पावलांचे, रीलोडचे आवाज त्याच्या ओरडण्याखाली दबत नाहीत. ओरडणाऱ्या आवाजाचा निम्मा त्रास शब्दांचा असतो, निम्मा नुसत्या मोठेपणाचा. दुसरा निम्मा असा कमी होतो.

मात्र धमकी, लैंगिक बोलणं, आईबहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून किंवा भाषेवरून शिवीगाळ सुरू झाली तर कॉल कितीही चांगले असोत, ताबडतोब म्यूट करा. हे ऐकत ऐकत कुणी नीट निशाणा लावू शकत नाही. त्याच्या कॉलमधून जो फायदा होतो त्यापेक्षा जास्त तुमच्या खेळातून जातं.

म्यूट केल्यावर माहिती कुठून मिळवू?

तीन ठिकाणांहून. पहिलं म्हणजे मिनीमॅप. टीममधल्या कुणालाही शत्रू दिसला की तो तिथे लाल खुणेने दिसतो, आणि नजरेआड गेला की शेवटच्या जागी प्रश्नचिन्ह राहतं. ज्याला म्यूट केलंत त्याने पाहिलेले शत्रूही यात येतात, म्हणजे त्याचे अर्धे कॉल तो न बोलताच तुम्हाला मिळतात. मिनीमॅप लहान ठेवला असेल तर सेटिंगमधून मोठा करा.

दुसरं, पिंग. Z दाबलं की तुम्ही बघता त्या जागी खूण पडते. दाबून धरलं की चक्र उघडतं आणि सावध करणं, मदत मागणं वगैरे पर्याय मिळतात. म्यूट केलेल्याशी संवाद ठेवायला पिंग सगळ्यात सोयीचं, कारण त्यावर वाद घालता येत नाही. एक काळजी घ्या: एकाच जागी सलग चार-पाच पिंग म्हणजे इतरांसाठी ओरडणंच असतं.

तिसरं म्हणजे उरलेले टीममेट. मॅचच्या सुरुवातीला दोन-तीन साधे कॉल दिले असतील, तर तेही तुम्हाला देत राहतात.

एक मॅच पूर्ण करून दाखवाल का? कुठल्या राउंडला काय करायचं ते कळत नाही.

समजा रँक्ड मॅच आहे आणि तुम्ही एकटे क्यू केलं आहे. रँक्डमध्ये चौघांचा ग्रुप चालत नाही, त्यामुळे तुमच्यासोबत जास्तीत जास्त तिघांचा ग्रुप आणि आणखी एक एकटा खेळाडू असू शकतो. तसंच धरू. आठ राउंड झाले, स्कोअर 3-5. आठव्या राउंडला तुम्ही ए साइटवर एकाविरुद्ध एक लढत हरलात. तिघांच्या ग्रुपमधला एक जण शिव्या द्यायला लागतो, त्याचे दोन मित्र हसतात. नवव्या राउंडला तुम्ही पुन्हा लवकर मरता, आणि तो घर शोधून मारण्याची भाषा करतो.

नवव्या राउंडचा उरलेला भाग तुम्ही मेलेलेच आहात. दोन गोष्टी मनात नोंदवा: राउंडचा नंबर, आणि तो नेमकं काय म्हणाला. एवढंच नंतर रिपोर्टमध्ये लागणार आहे. रेकॉर्डिंग आधीपासून चालू असेल तर शेवटचा भाग सेव्ह करा, त्याबद्दल पुढे येईल. राउंड संपायच्या आत Esc, मॅचचं पान, त्याचा व्हॉइस बंद, टेक्स्ट बंद.

हसणाऱ्या दोघांचं काय? ते कॉल देत असतील तर चालू ठेवा. ग्रुपमधला मुख्य आवाज तुमच्याकडे बंद झाला की त्यांचं हसणं तुमच्या कानाला एकतर्फी आणि अर्थहीन ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते मावळतंही. नाही मावळलं तर पुढच्या खरेदीच्या वेळेत त्यांनाही बंद करा. त्या ग्रुपबाहेरचा चौथा खेळाडू मात्र चालू ठेवा. तो तुमच्यासारखाच एकटा आहे, आणि इथून पुढे तोच तुमचा खरा जोडीदार आहे. दहाव्या राउंडच्या खरेदीत त्याला उद्देशून एक साधं वाक्य बोला: "मी तुझ्यासोबत बी ला येतो." याने दोन कामं होतात. सलग दोन राउंड ए वर मरण्याचा क्रम तुटतो, आणि टीममध्ये तुमचा आवाज खेळाच्या बोलण्यासाठी राहतो.

बारा राउंडनंतर बाजू बदलते आणि तिथे खरेदीला 45 सेकंद मिळतात. इथे म्यूट काढून "शांत झाला का" हे तपासायचा मोह होतो. धमकी देणाऱ्याचं म्यूट काढू नका. नुसता चिडलेला असेल आणि स्कोअर सुधारला असेल, तर एकदा काढून बघायला हरकत नाही.

साधारणपणे एका टीमने 13 राउंड जिंकले की मॅच संपते, जिंका किंवा हरा. शेवटी कुणालाही "GG" सोडून काही लिहू नका. मग रिपोर्ट.

रिपोर्ट कसा लिहायचा म्हणजे त्याचा उपयोग होईल?

रिपोर्टचं बटण मॅचच्या त्याच पानावर असतं. घाई नसेल तर मॅच संपल्यावर करिअरमधल्या मॅचच्या नोंदीतूनही रिपोर्ट करता येतो. रागात असताना चुकीचं नाव निवडलं जातं, म्हणून नंतर केलेला बरा.

कारण निवडताना व्हॉइसवरची शिवीगाळ व्हॉइसच्या पर्यायातच टाका, धमकी असेल तर धमकीचा पर्यायही निवडा. "वाईट खेळला" म्हणून रिपोर्ट करू नका. सबोटाजचा पर्याय मुद्दाम मॅच बिघडवणाऱ्यासाठी आहे, 4 किल केलेल्यासाठी नाही.

खाली मजकूर लिहायची जागा असते आणि बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. आपल्याकडे ती भरणं फार गरजेचं आहे, आणि त्याचं कारण भाषा. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटने 2021 मध्ये आपल्या गोपनीयता धोरणात व्हॉइस रेकॉर्ड करून तपासण्याची तरतूद केली आणि जुलै 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत, इंग्रजीपासून सुरुवात केली. मुंबई सर्व्हरवर एकाच मॅचमध्ये हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी चालतं. मराठीतली शिवी यंत्राला किंवा दूरच्या तपासणाऱ्याला आपोआप कळेल हे गृहीत धरू नका. भाषा कुठली, राउंड कुठला, आणि बोलण्याचा अर्थ काय, हे तिन्ही इंग्रजीत थोडक्यात लिहा. वरच्या मॅचसाठी असं:

```
Voice chat, Hindi. Round 8: abused my mother.
Round 9: said he will find my house and beat me.
I muted him during round 9.
```

विशेषणं नको, "very toxic" सारखे शब्द नको, तुमचा राग नको. तपासणाऱ्याला राउंडचा नंबर मिळाला की तिथे जाता येतं. शिवी जशीच्या तशी लिहिण्यापेक्षा तिचा अर्थ लिहिलेला जास्त उपयोगी.

एका माणसाचा एका मॅचसाठी एक नीट रिपोर्ट पुरे. चौथ्या खेळाडूनेही ऐकलं असेल तर त्याला फक्त "तूही रिपोर्ट कर" एवढं सांगा. मॅच संपल्यावर, आणि खाजगीत.

रिपोर्ट केला, पण काहीच झालं नाही.

कारवाई झाली तर नंतर कधीतरी गेम उघडताना तशी सूचना येते. सूचना नाही आली म्हणून रिपोर्ट वाया गेला असं नाही. शिवीगाळीवरची पहिली कारवाई अनेकदा बोलण्यावरच्या बंदीची असते, मग रँक्डची बंदी, आणि गंभीर किंवा वारंवारच्या बाबतीत अकाउंटचीच. पहिल्या पायरीवर तो माणूस खेळताना दिसत राहतो, म्हणून बाहेरून काही झालंय असं वाटत नाही.

रिपोर्टकडून शिक्षेचं समाधान मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुमची आजची मॅच म्यूटने सुधारते. रिपोर्ट पुढच्या कुणासाठी असतो.

मुलगी असल्याचा आवाज कळला की सुरू होतं. माइक वापरायचाच नाही का?

माइक बंद ठेवून खेळणाऱ्या कितीतरी मुली आहेत, आणि त्यांना टीममधला अर्धा खेळ सोडावा लागतो हे अन्यायाचं आहे. त्यामुळे माइक सोडायच्या आधी या गोष्टी करून बघा.

सेटिंगच्या सामान्य भागात, गोपनीयतेखाली, ग्रुपबाहेरच्यांपासून नाव लपवायचा पर्याय असतो. तो चालू केला की अनोळखी टीममेटना तुमच्या नावाऐवजी एजंटचं नाव दिसतं. मॅचनंतर शोधून रिक्वेस्ट पाठवणं, इन्स्टाग्रामवर तेच नाव टाकून बघणं हे प्रकार यामुळे बरेच थांबतात. गेममधलं नाव आणि सोशल मीडियावरचं नाव एक असेल तर एक बदलाच.

"कुठून आहेस?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका, साधं वाटलं तरी. "मुंबई" सांगितलं की पुढचा प्रश्न "मुंबईत कुठे?" असतो, आणि ठाणे, डोंबिवली, कॉलेजचं नाव असं एकेक करत पाच मिनिटांत बरंच निघून जातं. "कॉल दे" एवढंच उत्तर पुरतं.

शक्य असेल तेव्हा एका ओळखीच्या व्यक्तीबरोबर दोघांचा ग्रुप करून क्यू करा. ग्रुपचं व्हॉइस वेगळं असतं, U वर. टीमचं चॅनेल बंद करून ग्रुपचं चालू ठेवता येतं. बोलायला एक जण मिळतो, आणि काही झालं तर साक्षीदारही.

दुसऱ्याला शिव्या पडताना ऐकतोय. मध्ये बोलू का?

बोला, पण एकच वाक्य, आणि शिव्या देणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल नाही. "भाई, फक्त कॉल दे" एवढं पुरतं. त्यानंतर लगेच जिला किंवा ज्याला शिव्या पडल्या त्याच्याशी खेळाचं बोला: "पुढचा राउंड आपण मिडने जाऊ." एकट्या पडलेल्या खेळाडूला बाजू घेणाऱ्या भाषणापेक्षा कुणीतरी पुन्हा खेळात ओढून घेणं जास्त हवं असतं. शिव्या देणाऱ्याने तुमच्यावर तोंड वळवलं तर वाद नको, म्यूट करा, आणि रिपोर्ट तुम्हीही करा.

मी शांत राहायचं ठरवतो, पण तोंडातून निघून जातं.

त्याला जागा मिळू नये अशी सोय करा. व्हॅलोरंटमध्ये टीमशी बोलायला V दाबून धरावं लागतं, तेवढा अर्धा सेकंद विचाराला मिळतो. डिस्कॉर्डवर किंवा ग्रुपच्या चॅनेलवर आपोआप चालू होणारा माइक असेल तर तिथेही पुश-टू-टॉक लावा. मेल्यावर V वरून बोट काढायची सवय लावा. मेल्यानंतर पहिल्या तीन सेकंदांत माणूस सगळ्यात वाईट बोलतो, तेव्हा फक्त शत्रू किती आणि कुठे एवढं सांगा, नाहीतर काहीच नको.

उघडा माइक आणखी एका कारणाने भांडण ओढवतो. छोट्या खोलीतला पंखा, कुकरची शिट्टी, घरातल्यांचं बोलणं, कॅफेमधला शेजारच्या पीसीवरचा आरडाओरडा, हे सगळं टीमच्या कानात जातं, आणि पहिली शिवी बऱ्याचदा या आवाजावरूनच पडते. माइक टेस्ट करून एकदा स्वतःचा आवाज ऐका. कॅफेत पीसी बदलला की माइक कुठला निवडला आहे तेही बघा.

मॅच खराब गेली तर लगेच पुढचा क्यू टाकू नका. हेडफोन काढा, उठा, पाणी प्या, निदान दहा मिनिटं जाऊ द्या. याने राग उतरतो, आणि त्याच रँकवर त्याच वेळी क्यू करणारा तोच माणूस पुन्हा टीममध्ये येण्याची शक्यताही कमी होते. मध्येच मॅच सोडून जाऊ नका. सोडण्याची शिक्षा तुमच्या अकाउंटला होते, शिव्या देणाऱ्याला नाही.

पुरावा म्हणून आवाज रेकॉर्ड कसा करायचा?

विंडोजमध्ये Win + G ने गेम बार उघडतो. तिथल्या सेटिंगमध्ये मागे चालू राहणारं रेकॉर्डिंग सुरू ठेवलंत, तर Win + Alt + G दाबल्यावर घडून गेलेला शेवटचा भाग सेव्ह होतो, साधारणपणे 30 सेकंद. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या इन्स्टंट रीप्लेमध्ये Alt + F10 हेच काम करतं. आवाजाची निवड "सगळा आवाज" अशी ठेवा, नाहीतर डिस्कॉर्डचं बोलणं क्लिपमध्ये येत नाही. आधी एक चाचणी क्लिप काढून टीमचा आवाज ऐकू येतोय का बघा, कारण ऐन वेळी चित्र मिळतं आणि आवाज नसतो.

कन्सोलवर ही सोय आतच आहे. प्लेस्टेशन 5 वर पार्टी चॅटमधली शेवटची पाच मिनिटं तक्रारीसाठी उपलब्ध असतात आणि त्यातली जास्तीत जास्त 40 सेकंदांची क्लिप पाठवता येते. एक्सबॉक्सवर जुलै 2023 पासून 60 सेकंदांची क्लिप पकडून रिपोर्टला जोडता येते.

क्लिप इन्स्टाग्रामवर टाकू नका. नाव उघड झालं की त्याचे मित्र तुमच्या मागे लागतात, आणि तक्रार कुणी कुणाविरुद्ध करायची हेच उलटं होऊन बसतं.

डिस्कॉर्डवर आणि बीजीएमआयमध्ये काय वेगळं आहे?

डिस्कॉर्डवर नावावर राइट क्लिक केलं की म्यूटही आहे आणि त्या एकट्याच्या आवाजाची पट्टीही आहे, शून्यापासून 200 टक्क्यांपर्यंत. व्हॅलोरंटमध्ये सगळ्यांचा आवाज एकदम उतरवावा लागतो, इथे एकाचाच उतरतो. सर्व्हरचे मॉडरेटर 60 सेकंदांपासून एका आठवड्यापर्यंत टाइमआउट देऊ शकतात, त्यामुळे ओळखीच्या सर्व्हरवर आधी त्यांना सांगा. लिहिलेला मेसेज थेट रिपोर्ट करता येतो. व्हॉइसवरच्या बोलण्यासाठी तुमची क्लिपच लागते.

बीजीएमआयमध्ये स्पीकर आणि माइक ही दोन वेगळी चिन्हं आहेत आणि दोन्हींना सगळे, फक्त टीम, बंद असे पर्याय आहेत. "सगळे" ठेवलं तर जवळच्या शत्रूंशीही बोलणं होतं, आणि शिवीगाळीचा मोठा भाग तिथून येतो. दोन्ही "टीम" वर ठेवा. लहान मुलं खेळत असतील तर माइक पूर्ण बंद ठेवून तयार मेसेज वापरायला शिकवा.

पोलिसांकडे कधी जायचं?

शिवी पडली म्हणून नाही. पण नाव, पत्ता, कॉलेज माहीत असल्याचं सांगून धमकी दिली, गेमबाहेर पाठलाग सुरू केला, फोटो मागितले किंवा मॉर्फ करून पाठवायची धमकी दिली, किंवा अठरा वर्षांखालच्या कुणाशी लैंगिक बोलणं झालं, तर थांबू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम 351, पाठलागासाठी कलम 78 आणि स्त्रीच्या विनयशीलतेच्या अपमानासाठी कलम 79 आहे. ऑनलाइन पाठलाग कलम 78 मध्ये येतो.

तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. सायबर हेल्पलाइन 1930, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन 103, मुलांसाठी 1098, आणि तातडीला 112. जाताना क्लिप, समोरच्याचं टॅगसकट पूर्ण गेम नाव, मॅचची तारीख आणि वेळ, आणि गेमबाहेरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन जा. ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा.

मित्राने माझ्या अकाउंटवरून शिव्या दिल्या आणि बोलण्यावर बंदी माझ्यावर आली. आता?

बंदी अकाउंटवर येते, बोलणारा कोण होता हे बघितलं जात नाही, त्यामुळे "मी नव्हतो" हे कारण सपोर्टला सांगून सहसा उपयोग होत नाही. दुसऱ्याला अकाउंट वापरायला देणं हेच नियमाविरुद्ध आहे, म्हणजे ते सांगून तुम्ही दुसरी चूक कबूल करता. बंदीची मुदत संपू द्या, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि कॅफेतून उठताना लॉगआउट झालंय का ते स्क्रीनवर बघूनच उठा.